तीन दिवस रजेवर जायलोय, आयएलआरचा चार्ज सिस्टरला द्यायचाय. चिठ्ठीत काय लिहू?

गोदाकाठचा
मंडळी, मी परभणी जिल्ह्यातल्या एका पीएचसीत औषध निर्माण अधिकारी हाय. लसीचं काम, म्हणजे लस ठेवायचा फ्रीज आयएलआर, डीप फ्रीजर, लससाठ्याच्या ई-विन पोर्टलची एंट्री, सगळं माझ्याकडंच. आता आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन संभाजीनगरला ठरलंय त्यामुळं ८, ९, १० डिसेंबर किरकोळ रजा टाकायलोय, आणि ७ ला रविवार हाय म्हणून शनिवारी संध्याकाळीच निघणार. साहेब म्हणले रजा देतो पण तुमचं काम कोण बघणार ते अर्जावर लिहा आणि त्यांची सही आणा. आमच्याकडं हे बघू शकेल अशी एकच सिस्टर हाय, माझ्यापेक्षा सिनियर, अन् तिच्याकडं आधीच ओपीडी, एएनसी अन् रिपोर्टिंगचं ओझं. मागच्या फार्मासिस्टनं तिच्याकडं असाच चार्ज टाकला होता, "काही नसतंय, दोनदा टेंपरेचर लिहायचं" म्हणून, आणि नंतर काय काय निस्तरावं लागलं ते ती अजून सांगते. तर दोन प्रश्न. एक, तिला कसं विचारू की तिला ओझं वाटू नये. दोन, चिठ्ठी लिहून ठेवलीय ती खाली टाकतो, काय सुटलंय सांगा.

"१) सकाळ संध्याकाळ टेंपरेचर लिहा. २) मंगळवारी सत्राला लस द्या. ३) संध्याकाळी राहिलेली लस परत घ्या. ४) लाईट गेली तर झाकण उघडू नका. ५) काही अडचण आली तर फोन करा."

ढगाळ_हवामान
अहो एवढं काय त्यात. ऑफिशियल मेल टाका, साहेबांना सीसीत ठेवा, चार ओळी लिहा, विषय संपला. आमच्या बँकेत आम्ही असंच करतो. समोरच्यानं नाही म्हणलं तर साहेब बघतील.

कडबाकुट्टी
@ढगाळ_हवामान बँकेत लस ठेवता का तुम्ही? 😄 पीएचसीत मेल म्हणजे ती उघडणारा माणूस शोधावा लागतो.

जालन्याची_सिस्टर
मी एएनएम हाय, अशा चिठ्ठ्या मलाच मिळतात म्हणून स्पष्ट बोलते, राग मानू नका दादा. तुमची चिठ्ठी वाचून मला काहीच कळालं नाही. "काही अडचण आली तर फोन करा" ही ओळ सगळे लिहितात. अडचण म्हणजे काय हेच मला माहित नसलं तर फोन कधी करू? थर्मामीटरमध्ये २ दिसलं, ती अडचण हाय की बरोबर हाय? ९ दिसलं तर लगेच फोन करू की तासभर वाट बघू? अन् तुम्ही दवाखान्यात आईजवळ, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, फोन उचलला नाही तर पुढं कोणाला लावू? हे लिहा. बाकीचं आम्हाला येतंय.

आणि विचारायचं म्हणाल तर "काही नसतंय" हे शब्द तोंडातून काढूच नका. जे हाय ते सांगा. रविवारी पण दोनदा यावं लागणार हे सांगा, ते लपवूनच सगळे चार्ज देतात.

मांजराकाठ
सिस्टर बरोबर बोलायलेत. मी लातूर भागात लई वर्षं कोल्ड चेनचंच काम केलं, आता रिटायर हाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोदाकाठचा, तुमच्या चिठ्ठीत रोजचं काम हाय. रोजचं काम कोणीही करतं. चिठ्ठी पाहिजे ती रोजच्यासारखं नसेल त्या वेळेची. आणि तुम्ही डिसेंबरात जायलात, परभणी भागात, म्हणजे लोक ज्याला घाबरतात ते गरम होणं हा तुमचा मोठा धोका नाहीच. तुमचा धोका गोठण्याचा हाय. मे महिन्यात ४३ डिग्रीत कोणीतरी नॉब पुढं फिरवून ठेवतं, आयएलआरनं जास्त थंड करावं म्हणून, आणि हिवाळा आला तरी तो तिथंच राहतो. रात्री बाहेर पारा खाली जातो, खोलीच थंड होते, मशीन मात्र उन्हाळ्याच्याच जोरावर चालतं, अन् पहाटे आतलं टेंपरेचर शून्याच्या खाली सरकतं. सकाळी ९ ला कोणी बघेपर्यंत ते परत तीनवर आलेलं असतं. म्हणून रजिस्टर चांगलं दिसतं आणि पेंटाव्हॅलंट गेलेली असते.

अजून एक, नॉबवरचा आकडा म्हणजे टेंपरेचर नव्हे. त्यावर १ ते ७ असे काहीतरी आकडे असतात, आणि नवीन माणूस ४ डिग्री पाहिजे म्हणून नॉब चारवर लावतो. हे मी डोळ्यानं बघितलंय, एकदा नव्हे. बहुतेक मशीनमध्ये आकडा वाढला की थंडी वाढते. तर जायच्या आधी नॉब कुठंय ते तुम्ही बघा, गरज असली तर आत्ताच कमी करा, म्हणजे निघायच्या आधी दोन रात्री तुमच्या डोळ्यासमोर जातील. नॉबवर चिकटपट्टी मारा. सिस्टरला सांगा की याला हात लावायचा नाही.

शंकासुर
पण काका, लस खराब झाली तर व्हीव्हीएमवर कळतंच की. बाटलीवर तो चौकोन असतोय ना गोलाच्या आत, चौकोन गोलापेक्षा फिका असला की लस चांगली. मग एवढं टेन्शन कशाला? सिस्टरनं द्यायच्या आधी व्हीव्हीएम बघितला म्हणजे झालं. आणि लाईट जास्त वेळ गेली तर सगळं डीप फ्रीजरमधी टाकायचं, तिथं थंडी टिकते.

मांजराकाठ
@शंकासुर पहिलं अर्धं बरोबर हाय. व्हीव्हीएम उष्णता सांगतो. गोठलं का ते तो सांगतच नाही. पेंटा, हेपॅटायटीस बी, डीपीटी, टीडी, पीसीव्ही, आयपीव्ही, या लसी गोठल्या की कामातून जातात आणि चौकोन मात्र पांढराशुभ्र दिसतो. नुसत्या डोळ्यानं बघितलं तरी बाटली नेहमीसारखीच दिसते, कारण बर्फ तोवर वितळलेला असतो.

दुसरं मात्र साफ चूक, अन् हे वाचून कोणी करू नका म्हणून मोठ्यानं सांगतो: पीएचसीच्या डीप फ्रीजरमध्ये लस ठेवायची नाही. तिथं उणे १५ ते उणे २५ असतं. तो फक्त आईस पॅक गोठवायला हाय. लाईट गेली म्हणून पेंटा त्यात टाकली तर वाचवायला गेलो आणि आपणच मारली असं होईल. ओपीव्ही बर्फात टिकते, पण तीही पीएचसीत आयएलआरमध्येच राहते.

शंकासुर
हम्म. आमच्याकडं एक जण टाकतच होता बहुतेक. गोठली का नाही मग ओळखायचं कसं?

मांजराकाठ
शेक टेस्ट. एक बाटली जी नक्की गोठून वितळलेली हाय ती, अन् एक संशयातली, दोन्ही एकाच कंपनीची, एकाच बॅचची. दोन्ही हातात धरून जोरात हलवायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि उजेडात बघायच्या. गोठलेल्यामध्ये कण गोळा होऊन लवकर खाली बसतात, वर निवळ पाणी राहतं. संशयातली तशीच लवकर बसायली तर फेकायची. पण हे सिस्टरच्या चिठ्ठीत घालू नका. तीन दिवसांच्या बदलीच्या माणसाला शेक टेस्ट करायला लावणं बरोबर नाही. तिच्या चिठ्ठीत एवढंच: टेंपरेचर शून्याला किंवा खाली दिसलं तर त्या दिवशी गोठणाऱ्या लसी वाटायच्या नाहीत, बाजूला ठेवून "वापरू नये" लिहायचं, साहेबांना सांगायचं. फेकायचं का ठेवायचं हे साहेब आणि तालुका बघतील.

शाळामास्तर_भूम
धागा वाचून मला आमचं आठवलं. मी झेडपीचा शिक्षक, शालेय पोषण आहाराचं बघतो. रजेवर गेलो की दुसऱ्या गुरुजीला सांगून जातो की पहिली ते पाचवीला डोक्यामागं १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. तर त्या माणसानं पटावरच्या पोरांचा हिशोब केला, हजर किती ते बघितलंच नाही. चाळीस पोरं हजर अन् भात साठ जणांचा. मला म्हणला तुम्ही "पोरं" लिहिलं होतं. तेव्हापासून मी चिठ्ठीत "आज हजर असलेली पोरं, सकाळच्या हजेरीवरून" असं लिहितो. तर तुम्ही पण शब्द असा लिहा की दुसरा अर्थच निघू नये. बाकी लसीचं मला काय कळत नाही.

गोदाकाठचा
मास्तर, मस्त उदाहरण. म्हणजे मी "राहिलेली लस परत घ्या" लिहिलंय ते पण तसंच झालं की. कोणती परत घ्यायची अन् कोणती फेकायची ते लिहिलंच नाही.

जालन्याची_सिस्टर
हाव, आणि तिथंच भांडणं होतात. पेंटा, टीडी, ओपीव्ही, आयपीव्ही, पीसीव्ही उघडलेली असली तरी परत आणायची. उघडल्याची तारीख आणि वेळ बाटलीवर लिहिलेली असेल, व्हीव्हीएम बरा असेल, एक्सपायरी नसेल, कॅरिअरमध्ये पाण्यात बुडलेली नसेल तर ती २८ दिवस चालते. बीसीजी आणि एमआर मात्र पाणी घालून कालवली की चार तास, नाहीतर सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते. ती उरली तरी वाया. हे दोन गट चिठ्ठीत वेगवेगळे लिहा, लाल पेनानं लिहिलं तर अजून बरं.

आणि बीसीजीचं एक राहिलंच. बदलीचा माणूस घाबरतो. डिलिव्हरी झालेलं एकच पोरगं आलं तर दहा डोसची बाटली एकासाठी कशी फोडू, वेस्टेज कोणाच्या नावावर पडेल? मग आईला म्हणतो पुढच्या वेळी या. ती माय दुसऱ्यांदा येत नाही. एका बाळासाठी पण बाटली फोडायची हे आम्हाला वरून सांगितलेलं हाय, पण तीन दिवसांच्या चार्जवाल्याला ते कोणी सांगत नाही. तुमच्या सहीनं लिहून ठेवा, "एकच बाळ असलं तरी बीसीजी फोडा, वेस्टेज मी माझ्या रजिस्टरला दाखवतो." मग बघा ती सिस्टर कशी निवांत काम करते.

गोदाकाठचा
हे लई मोलाचं सांगितलं. आमच्याकडं पण असंच होत असणार. बरं, मंगळवारच्या सत्राचं गणित करून ठेवतो, ते पण बघा. एका वाडीवर सत्र हाय. ड्यू लिस्टवर पेंटा १२, एमआर ४, बीसीजी १. पेंटाची एक उघडी बाटली हाय, १८ नोव्हेंबरला उघडलेली, त्यात ५ डोस शिल्लक.

मांजराकाठ
१८ नोव्हेंबरपासून २८ दिवस म्हणजे १६ डिसेंबरपर्यंत चालते, त्यामुळं ९ तारखेला पहिली हीच बाहेर काढायची. पाच डोस ती, एक नवीन दहाची, पंधरा झाले, बारा पोरांना पुरून उरतात. उघडी बाटली पहिली जावी म्हणून ती वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा आणि वरती "मंगळवारी आधी ही" असं लिहा. एमआर पाच डोसची एक बाटली, चार पोरं. बीसीजी एक. आता बघा, एमआर आणि बीसीजीला पाणी, डायल्युएंट, जेवढ्या बाटल्या तेवढेच आणि ज्या कंपनीची लस त्याच कंपनीचे. पाण्याची अदलाबदल झाली तर पोराच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून कोणत्या लसीला कोणतं पाणी ते तुम्ही शनिवारीच जुळवून पाण्याच्या झिपच्या पिशवीवर लिहून ठेवा, सिस्टरला शोधायलाच लावू नका.

आणि इथं तुमच्या चिठ्ठीत एक मोठं भोक हाय. डायल्युएंट वापरायच्या २४ तास आधी आयएलआरमध्ये थंड करायचं असतं. सत्र मंगळवारी, म्हणजे सोमवारी सकाळी आत जायला पाहिजे. तसंच आईस पॅक गोठायला जवळजवळ दिवस लागतो, मंगळवारचे पॅक सोमवारी सकाळच्या आत डीप फ्रीजरमध्ये गेलेच पाहिजेत. तुम्ही "मंगळवारी लस द्या" लिहिलंय. ते काम सोमवारीच सुरू होतं हे चिठ्ठीतून दिसत नाही. दिवसावर लिहा, कामावर नाही. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, असे चार तुकडे करा.

पैठणगेट
आईस पॅकवर एक. फ्रीजरमधून काढले की लगेच कॅरिअरमध्ये घालायचे नाहीत हे सिस्टरला माहित असेल पण गाडीवाल्याला घाई असते. मी लस पोचवायचं काम केलंय म्हणून सांगतो, सकाळी साडेसातला आम्ही येऊन उभे, चला चला करायलेलो असतो. पॅक टेबलावर मांडून ठेवायचे, वरचं पांढरं धुकं जाऊन घाम सुटला पाहिजे आणि कानापाशी धरून हलवलं की आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. मगच चार बाजूला चार. थेट गोठलेले लावले तर बाटल्या पॅकला चिकटून गोठतात. डिसेंबरात याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, मे महिन्यात लई लवकर होतं. तर सिस्टरला लिहा की आवाज आल्याशिवाय गाडीवाल्याला कॅरिअर देऊ नका, तो कितीही ओरडला तरी. मीच ओरडायचो 😀

कडबाकुट्टी
हे वाचून मला वाटायलंय की तीन दिवसांसाठी आईचं ऑपरेशनच सोपं हाय.

गोदाकाठचा
कडबाकुट्टी 😂 खरंय.

आता एक गोष्ट मला आत्ता सुचली अन् घाम फुटला. ई-विनचा जो टेंपरेचर लॉगर हाय तो टेंपरेचर बाहेर गेलं की एसएमएस पाठवतो ना, तो माझ्याच मोबाईलवर येतो. म्हणजे मी संभाजीनगरला दवाखान्यात, रात्री दोनला मेसेज येणार, आणि सिस्टरला काहीच कळणार नाही!

मांजराकाठ
बरोबर पकडलं. हे सगळ्यात जास्त सुटणारं. सेन्सर त्याचं काम करतो, मेसेज जातो, पण तो मशीनपासून दोनशे किलोमीटरवरच्या माणसाकडं जातो. जिल्ह्याच्या व्हॅक्सिन अँड कोल्ड चेन मॅनेजरला आजच फोन करून सिस्टरचा अन् साहेबांचा नंबर पण लावून घ्या. चार दिवसात नाही झालं तर तुम्ही स्वतः रात्री झोपायच्या आधी अन् उठल्यावर मेसेज बघायचे आणि सिस्टरला फोन करायचा, हे चिठ्ठीत कबूल करा. लिहून दिलं की दोघांनाही कळतं कोण कशाला बघतंय.

जालन्याची_सिस्टर
त्यावरून विचारते, ई-विनची एंट्री? ती लॉगिन कोणाच्या नावानं करायची? आमच्याकडं सगळे पासवर्ड देऊन टाकतात, कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला असतो.

पैठणगेट
द्या की. तीन दिवसांचं काम. नाहीतर स्टॉक एंट्री राहिली की वरून फोन येतात.

मांजराकाठ
मी देणार नाही. उद्या स्टॉकमध्ये दहा बाटल्यांचा फरक आला तर एंट्री तुमच्या नावानं अन् केली दुसऱ्यानं, मग कागद कोणाच्या बाजूनं बोलणार? माझं म्हणणं, सिस्टरनं रजिस्टरला हातानं लिहावं, वाटप अन् परत आलेलं, बॅच नंबरसकट, आणि तुम्ही आल्यावर ११ ला एंट्री करा, नाहीतर रोज संध्याकाळी तिनं फोटो पाठवावा आणि तुम्ही मोबाईलवरून भरा.

पैठणगेट
काका तुम्ही रिटायर झालात, आता रोज एंट्री झाली का म्हणून विचारतात. ११ पर्यंत थांबलं तर लाल दिसतं वर. आणि आईच्या उशाला बसून एंट्री करणार का तो?

मांजराकाठ
लाल दिसलं तर दिसू द्या. दोन दिवसांचा लाल साहेबांनी समजून घ्यायचा.

जालन्याची_सिस्टर
साहेब समजून घेत असते तर हा धागाच निघाला नसता.

गोदाकाठचा
ते मी साहेबांनाच विचारतो, लेखी सांगा म्हणतो. आता पहिल्या प्रश्नाचं. सिस्टरला मेसेज लिहिलाय, प्रत्यक्ष बोलून झाल्यावर पाठवणार, म्हणजे तिच्याकडं लेखी राहील:

"सिस्टर, आईचं डोळ्याचं ऑपरेशन हाय, ८ ते १० रजा टाकायलोय, शनिवारी संध्याकाळी निघतो. लसीचं काम चार दिवस तुमच्याकडं द्यावं अशी विनंती हाय. खरं सांगतो, रविवारी पण सकाळ संध्याकाळ यावं लागेल, आणि मंगळवारी सकाळी सातला यावं लागेल, बाकी दिवस दहा-पंधरा मिनिटांचं काम. मंगळवारची लस, पाणी, सिरिंजा मी शनिवारी मोजून बांधून ठेवतो. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी रीडिंग तुम्ही घ्या, मी बाजूला थांबतो. रविवारच्या बदल्यात पुढच्या महिन्यात तुमची एक सुट्टीची ड्यूटी मी करतो. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मी साहेबांना दुसरं काहीतरी बघायला लावतो, तुमच्यावर येऊ देणार नाही."

जालन्याची_सिस्टर
हा मेसेज मला आला असता तर मी हो म्हणले असते. शेवटची ओळ ठेवाच. आणि शनिवारी स्टॉक दोघांनी मिळून मोजा, बॅचनुसार, तिची अन् तुमची सही. नाहीतर परत आल्यावर दोन बाटल्या कमी निघाल्या की तिचंच नाव.

गोदाकाठचा
बरं, नवीन चिठ्ठी. दिवसावर लिहिली. अजून काय सुटलंय का बघा.

"रोज (रविवारसुद्धा) सकाळी ९ आणि संध्याकाळी ५: आधी बाहेरचा डिस्प्ले बघा, मग झाकण एकदाच उघडून बास्केटमधलं थर्मामीटर वाचा. जे दिसलं तेच लिहा, ४ असलं तर ४, साडेसहा असलं तर साडेसहा. थर्मामीटर बास्केटमध्ये पेंटाच्या शेजारीच परत ठेवा, तळाला नको. नॉबला हात लावू नका.
३ ते ८: काही करायचं नाही. २ च्या जवळ किंवा खाली: मला फोन, मी नाही उचलला तर कोल्ड चेन टेक्निशियन, नंबर आयएलआरच्या झाकणावर. ० किंवा खाली: पेंटा, टीडी, आयपीव्ही, पीसीव्ही, हेप बी, डीपीटी वाटू नका, बाजूला ठेवा, साहेबांना सांगा. ८ च्या वर: प्लग, स्टॅबिलायझरचा दिवा आणि झाकण नीट बसलंय का ते बघा, अर्ध्या तासानं परत वाचा, तरी वरच असलं तर फोन.
लाईट गेली: झाकण बंदच. चार तासात आली नाही तर मला आणि साहेबांना फोन. कोल्ड बॉक्स धुऊन कोरडा करून टेबलाखाली ठेवलाय. वाढतंच राहिलं तर आवाज येणारे आईस पॅक लावून लस त्यात हलवायची आणि शेजारच्या पीएचसीला न्यायची, त्यांच्या फार्मासिस्टशी मी बोलून ठेवलंय.
सोमवार सकाळ: पाण्याच्या झिपच्या पिशवीतलं डायल्युएंट आयएलआरमध्ये. सगळे आईस पॅक डीप फ्रीजरमध्ये उभे लावा.
मंगळवार सकाळी ७: चार पॅक बाहेर काढा. आवाज येईपर्यंत थांबा. "मंगळवारी आधी ही" पिशवी. बीसीजी एकासाठी पण फोडायची, वेस्टेज माझ्या नावावर.
मंगळवार संध्याकाळ: पेंटा, ओपीव्ही, आयपीव्ही, पीसीव्ही, टीडी उघड्या असल्या तरी परत घ्या, बाटलीवर तारीख-वेळ बघून. बीसीजी, एमआर कालवलेली परत घेऊ नका.
बुधवार: रोजचंच."

मांजराकाठ
चांगली झाली. एकच सुधारणा. "चार तासात आली नाही तर" हे तुमच्या मशीनच्या होल्डओव्हरवर अवलंबून हाय, पुस्तिकेत बघा, बर्फाचं अस्तर चांगलं जमलेलं असलं तर हिवाळ्यात आयएलआर लई वेळ धरतो. पण तिला चारच सांगा, पुढचं तुम्हाला-साहेबांना फोन लागल्यावर ठरवा. आणि आतल्या भिंतीवर वरून बर्फ किती जाड जमलाय ते शनिवारी बघून घ्या. अर्ध्या सेंटीमीटरच्या वर गेला असेल तर डिफ्रॉस्ट आत्ताच करा, सिस्टरच्या डोक्यावर ते ठेवू नका.

शाळामास्तर_भूम
चिठ्ठीत "आवाज येणारे आईस पॅक" वाचून आमच्या हेडमास्तरला काय कळेल 😄 सिस्टरला कळेल ना?

जालन्याची_सिस्टर
कळेल. आम्हाला ट्रेनिंगमध्ये कानाला लावूनच शिकवतात.

शंकासुर
एक प्रश्न राहिला. रविवारी सिस्टर नाही आली आणि शिपायाला सांगितलं की रीडिंग बघून व्हॉट्सअपवर फोटो टाक, तर ते चालतं का? फोटोवर वेळ तर येते.

पैठणगेट
आमच्याकडं चालायचं.

मांजराकाठ
फोटो चालेल म्हणणारे भेटतील. माझी हरकत एवढीच की शिपाई झाकण उघडून फोटो काढत बसतो, आणि थर्मामीटर बाहेर उजेडात धरून काढतो. तेवढ्यात पारा वर गेलेला असतो. मग त्या फोटोवर ९ दिसतं अन् दुपारी सगळे पळायलेले.

गोदाकाठचा
मी तरी सिस्टरच्याच नावावर ठेवतो. उद्या दुपारी तिला विचारणार, ओपीडी संपल्यावर, चहाच्या वेळी. ई-विन मॅनेजरला फोन केला, म्हणले नंबर लावतो, शुक्रवारपर्यंत परत आठवण करा. ते साहेब पासवर्डचं काय म्हणतात ते सांगतो इथं.

कडबाकुट्टी
आईला ऑपरेशनच्या शुभेच्छा. डोळ्यात थेंब घालायचा टाईमटेबल पण असाच दिवसावर लिहून घ्या डॉक्टरकडून, तो पण दर दोन तासाला वेगळा असतो.